लक्ष्मीचं उत्तर चार

लक्ष्मी मोरव्याहून, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून यायची. कोळ्यांची पोर, सकाळी आईला मासळी निवडू लागायची आणि मग माझ्या केबिन रोडवरच्या क्लासला हजर. बोलणं कमी, आणि कुठलंही गणित दिलं की आधी आकृती. "अगं, तेवढ्यात बाकीच्यांची पाच गणितं होतात," मी ओरडायचे. "हो मॅडम," म्हणायची आणि हातातली रेघ पूर्ण करायची. मला तिचा राग यायचा. थोडा तिच्या हळूपणाचा, आणि खरं सांगायचं तर थोडा तिच्या 'हाय-न्हाय'चासुद्धा. दादरहून इथे येऊन मला अठरा वर्षं झाली, तरी नाक तिकडचंच राहिलं.

माझ्या क्लासचं नाव झालं ते झटपट युक्त्यांमुळे. साइन आणि कॉस अशा दोन लाटा एकत्र आल्या की त्यांची मिळून एकच लाट होते. तिची उंची काढायची तर साइन-कॉसच्या आधीच्या दोन्ही आकड्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या. दहा सेकंदांचं काम. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलं की विचार करणं सोडूनच दिलं होतं.

मार्चमध्ये बारावीच्या खास बॅचसाठी परीक्षा घेतली. जागा वीसच, कारण बाकं तेवढीच. त्यात एक प्रश्न होता: एक्स शून्य ते नव्वद अंशांत असेल, तर चार साइन एक्स वजा तीन कॉस एक्सची सगळ्यात मोठी किंमत किती? सोळा आणि नऊ पंचवीस, वर्गमूळ पाच. लक्ष्मीने लिहिलं चार. मी लाल फुली मारली. एका मार्काने ती एकविसावी आली आणि निकेत नावाचा मुलगा विसावा.

पेपर घेऊन ती टेबलापाशी आली. "मॅडम, हे चारच हाय ना?"

सगळी पोरं ऐकत होती. मी म्हटलं, "मोरव्यात गणित वेगळं असतं का गं? वर्गमूळ काढायला शीक आधी." पोरं हसली. मीही हसले. ती पेपराची घडी घालत जागेवर गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

सोमवारी खास बॅच सुरू झाली. निकेतने हात वर केला. "मॅडम, ते पाच नेमकं कुठल्या एक्सला येतं?"

"सोडवून बघू," म्हणत मी फळ्यावर लिहू लागले. पाच साइन, कंसात एक्स वजा सदतीस अंश. सदतीस म्हणजे साधारण. हे पाचाइतकं व्हायचं, तर साइन एक झाला पाहिजे, म्हणजे कंसात नव्वद हवेत. मग एक्स आला एकशे सत्तावीस.

एकशे सत्तावीस! आणि प्रश्नातला एक्स नव्वदला संपत होता. लाट तोवर चढतच असते, शिखर गाठायच्या आधीच वाट संपते. नव्वदला साइन एक, कॉस शून्य, म्हणजे उत्तर चार. खडू हातात तसाच राहिला.

मी काय केलं? फळा पुसला. "वेळ संपली," म्हणाले. अजून पंधरा मिनिटं बाकी होती. निकेत माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या बुधवारपर्यंत नऊ दिवस गेले. रोज ठरवायचे, आज जाऊ. रोज काहीतरी काम काढायचे. लाज वाटत होती, पण क्लासचं नाव जाईल ही भीती त्याहून मोठी होती. शेवटी गेले मोरव्याला.

दारात तिची आई जाळं नीट करत बसली होती. मला बघून पदर सावरत उठली. "या मॅडम. पोरगी म्हणते, गणित न्हाय जमत मला, बारावीला कॉमर्स घेते. तुम्ही सांगितलंत तेच खरं म्हणते."

लक्ष्मी वही घेऊन बाहेर आली. तेच गणित तिने पुन्हा उतरवलं होतं. खाली तिची लाट, स्वच्छ काढलेली, आणि नव्वदवर उभी रेघ. रेघेपाशी आधी लिहिलेला चार खोडरबराने खोडला होता, कागद पातळ होईपर्यंत. त्यावर पेनाने पाच.

"आता न्हाय चुकणार मॅडम," ती म्हणाली.

मी उंबऱ्यावरच बसले. "तुझंच बरोबर होतं गं. चारच. मी चुकले. बॅचमध्ये तुझी जागा आहे, माझी खुर्ची देते बसायला."

तिने वहीकडे बघितलं, रेघेवरून बोट फिरवलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आई जाळं हातात धरून ऐकत होती.

"गेल्या आठवड्यात, सोमवारीच," मी म्हणाले.

"मी कॉमर्सचा फॉर्म काल भरला," लक्ष्मी म्हणाली.