पाचव्या अंकाला पडदा

माझे वडील सभागृहात पडदा ओढतात. एकतीस वर्षं झाली. लोकांना वाटतं पडदा बटणावर चालतो. आमच्या सभागृहातला बाबांवर चालतो. उजव्या विंगेत कप्पीवरून जाड दोर खाली येतो, त्याला एका ठिकाणी लाल दोरा गुंडाळलेला आहे. अंधारात तो हाताला लागला की पडद्याच्या दोन्ही बाजू मधोमध भेटल्या असं समजायचं आणि थांबायचं. एकतीस वर्षांत बाबांचा पडदा ना लवकर पडला, ना उशिरा. हे ते स्वतः सांगत नाहीत. आई सांगते, आणि न विचारता सांगते.

या कामात एकच अडचण आहे. कार्यक्रम दिसत नाही. समोरच्या विंगेत खूण करणारा माणूस उभा असतो, डोळे त्याच्यावर ठेवायचे. "बघत बसलो तर ओढणार कोण?" असं बाबांचं म्हणणं. ताईचा आणि माझा पहिला कार्यक्रम त्याच रंगमंचावर झाला. बाबा आमच्यापासून दहा पावलांवर होते आणि त्यांनी काहीही पाहिलं नाही.

आमच्या घरातली मुठींची पद्धत ताईच्या त्या कार्यक्रमानंतर सुरू झाली. तिला त्या दिवशी अकरा जणांनी "छान" म्हटलं. तिने प्रत्येकाला विचारलं, छान म्हणजे काय छान? एकालाही सांगता येईना. दोघं तर उशिराच आले होते. ताईने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईने नियम केले. घरी आल्यावर मुलाला स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसवायचं. एकेकाने मूठ मिटून पुढे यायचं आणि आपण पाहिलेली एक खरी गोष्ट सांगायची. मुलाला पटली तर त्याने मुठीवर टिचकी मारायची, मग मूठ उघडायची. आत भेट. ती विकत आणलेली नसावी, स्वतःच्या वापरातली असावी आणि मुठीत मावावी. "छान" म्हणणाऱ्याने भांडी घासायची. आणि ज्याने पाहिलं नाही, त्याने मूठ आणायची नाही.

शेवटच्या नियमामुळे बाबा कायम मोरीशी उभे राहून भांडी घासत आले. तक्रार कधी केली नाही. मला मात्र त्या नियमाचा राग यायचा, अजूनही येतो.

तर परवाच्या रविवारी सकाळी भिंगरीचा, म्हणजे ताईच्या मुलीचा, पहिला कार्यक्रम होता. वय नऊ, वाद्य व्हायोलिन, स्वभाव आजीवर. एकटीने, समोर कागद न ठेवता वाजवायचं होतं. ती आली, वाकली, वाजवायला लागली. अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर एकदम थांबली. व्हायोलिन खांद्यावर, हात हवेत, नजर समोर. सभागृहात कोणी खोकेना. ताईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. आणि पडदा पडला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कारण सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. टाळ्या थांबेपर्यंत पुढचा मुलगा खुर्चीवर बसलासुद्धा. भिंगरीने बंद पडद्याला वाकून नमस्कार केला, असं नंतर कळलं.

बाहेर गर्दीत तिच्या व्हायोलिनच्या बाई भेटल्या. घाईत होत्या. "होतं असं, पहिलीच वेळ," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. घरी येताना भाऊजी सारखे म्हणत होते, "पण बाबांनी काय सांभाळून घेतलं! पोरगी अडकलेली पाहिली आणि अलगद पडदा टाकला. याला म्हणतात अनुभव." आईची मान तर इतकी ताठ झाली होती की दुखली असणार. बाबा काही बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत, म्हणून आम्हाला काही वाटलं नाही.

"मी विसरले नव्हते," भिंगरी म्हणाली.

"नाही हं बाळा, नव्हतीस," ताई म्हणाली. या आवाजात मोठी माणसं बोलली की मुलांना नेमकं काय कळायचं ते कळतं.

स्टूल मांडलं. आई पहिली. "वाजवताना तुझी जीभ डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते," ती म्हणाली. भिंगरीने जीभ आत घेतली आणि टिचकी मारली. मुठीतून आईचं शिवणकामाचं अंगुस्तान निघालं. ताईने सांगितलं, तुझा उजवा बूट सुटला होता आणि तू तो शेवटपर्यंत पाहिला नाहीस. टिचकी. शाळेपासून वापरलेली केसांची पिन. भाऊजी पुढे आले आणि "छान—" म्हणाले. ते दर वेळी म्हणतात. घासायला बाबा होतेच, म्हणून त्यांना भांडी पुसायचा कपडा दिला.

मग मी. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, चूक दिसली की सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुठीत माझ्या पेन्सिलीचं थोटूक होतं. मी म्हटलं, "तू मध्येच विसरलीस, पण पळाली नाहीस. उभी राहिलीस."

भिंगरीने हात मागे घेतला.

"हे खरं नाही. तिथे थांबायचंच असतं. आठ अंक मोजायचे, मग पुढचं. मी पाचवर होते."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, म्हणजे तिनेही विश्वास ठेवला नव्हता. इतक्या वर्षांत कुणाची मूठ मिटलेली राहिली नव्हती. माझी राहिली. भिंगरी रडली नाही. आपण रडलो की या लोकांना खात्रीच पटेल, हे तिला ठाऊक होतं.

मोरीतलं पाणी बंद झालं. बाबा हात पुसत आले आणि स्टुलासमोर उभे राहिले. उजवी मूठ मिटलेली होती.

"अहो, तुमचं काय?" आई म्हणाली. "तुम्ही कुठे पाहिलंत?"

"आज पाहिलं," बाबा म्हणाले.

ते भिंगरीकडेच बघून बोलले. "खुणेसाठी समोरच्या विंगेत बाईंकडे बघायचं होतं. मी तुझ्याकडे बघत बसलो. तू थांबलीस, मला वाटलं संपलं. ओढला. बाई तिकडून दोन्ही हातांनी नको नको करत होत्या, त्या मला पडदा मिटल्यावर दिसल्या. तू विसरली नव्हतीस. चुकलो मी."

एकतीस वर्षं त्यांनी एका वाक्यात खाली ठेवली. आईने खुर्ची ओढली आणि बसली. मला स्वतःची लाज वाटली.

भिंगरीने टिचकी मारली. आत विटलेला, मळलेला लाल दोरा होता, गेल्या वर्षी बदललेला. "हा हाताला लागला की थांबायचं," बाबा म्हणाले. "ओढायला सुरुवात कधी करायची, ते हा सांगत नाही."

तिने दोरा मनगटाला बांधून घेतला. मग स्टुलावरून उतरून व्हायोलिन काढलं आणि सुरुवातीपासून वाजवलं. त्या जागी येऊन थांबली. हात हवेत. मी मनात मोजत होते. पाच. सहा. ताईने पुन्हा माझा दंड धरला. सात. आठ. आणि ती पुढे गेली. ते पुढचं फार सुंदर होतं, आणि ते ऐकायचं आमचं राहूनच गेलं असतं.

तिने व्हायोलिन खाली घेतलं, तरी कोणी टाळी वाजवेना. सगळे बाबांकडे बघत होते.

बाबा तिच्याकडे बघत होते.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

मग बाबांनी टाळ्या वाजवल्या.