हिरडी झाका, दात राहू द्या

सात रस्त्याजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. मालक दहावीला दोनदा बसलेले. त्यामुळे आमचं जमत नाही असं नाही, पण कोण शहाणं हे दोघांनाही आपापलं माहीत आहे.

एकदा एक तरुण दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दवाखान्याचं उद्घाटन, आणि दारावर त्यांचाच हसरा फोटो लावायचा. सोबत मैंदर्गीहून आलेले वडील. फोटो छान, हसू मोकळं, फक्त वरचा ओठ फार वर गेलेला. मोबाईलवर करंगळीच्या नखाएवढी दिसणारी हिरडी दहा फुटी बॅनरवर वीतभर होणार होती.

"हिरडी थोडी कमी करा," बाई म्हणाल्या, "पण दाताच्या आकाराला हात लावायचा नाही. माझ्या कॉलेजचे सगळे येणारेत."

मी डबा खायला आत गेले तेवढ्यात मालकांनी स्वतःच हात चालवला. त्यांनी हिरडीवर सरळ पांढरा रंग ओढला आणि दात वर वाढवून दिले. मी आले तेव्हा बाई स्क्रीनकडे बघून घाम पुसत होत्या.

"अहो, हिरड्या झिजून मागे सरकल्या की दात असे लांब दिसतात. पेशंट म्हणेल, आधी स्वतःचा पायरिया बघा!"

वडील बाजारात उभी हयात बैल पारखलेले. ते पुढं वाकले. "बैलाला वरचे दात नसत्यात, ते सोडा. पण दात असं लांबलं की जनावर उतरलं समजायचं. मी तर हात लावणार न्हाय."

"अप्पा!"

"तुला न्हाय म्हणत गं. ह्या फोटोतल्या बाईला म्हणतोय."

मालक म्हणाले, "चहा सांगतो," आणि दुकानाबाहेर गेले ते बराच वेळ चहाच सांगत होते.

मी मूळ फोटो परत उघडला. बाईंना म्हटलं, "मॅडम, दात वर न्यायचे नसतात, ओठ खाली आणायचा असतो." त्या म्हणाल्या, "हेच तर मी म्हणतेय."

फोटोची एक प्रत केली, म्हणजे मूळ सुरक्षित. फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये चेहरा ओल्या मातीसारखा ढकलता येतो; तिथं आधी दातांवर आणि दोन दातांमधल्या गुलाबी टोकांवर लाल रंग फासला. तिथं लाल असलं की ते जागचं हलत नाही. नाकही तसंच बांधून टाकलं, नाहीतर ओठाबरोबर नाकपुड्याही खाली येतात. मग मोठा ब्रश घेऊन वरचा ओठ मधून थोडा थोडा खाली ढकलला. हिरडी आक्रसत गेली, दात तसेच राहिले. मला चेव आला आणि मी ती पूर्णच घालवली.

अप्पांनी मान तिरकी केली. "ही हसत न्हाय की. शिंक दाबतीय."

राग आला, पण म्हातारा बरोबर होता. डोळे बारीक, गाल वर चढलेले, आणि तोंड मात्र बंद करायच्या बेतात. एवढं हसणाऱ्याची थोडी हिरडी दिसतेच. मी निम्म्यापर्यंत मागे आले. ओठांचे कोपरे होते तिथं सोडले. नाकाखालची कातडी ताणून गुळगुळीत दिसत होती, तिच्यावर शेजारचीच कातडी घेऊन डागडुजी केली. उरलेल्या गुलाबी रेघेचा भडकपणा किंचित उतरवला. बाईंनी स्क्रीनला नाक लावून एकेक दात तपासला, जुना फोटो शेजारी ठेवून पुन्हा तपासला.

"एकही हललेला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण अप्पांनी ओळखलं पाहिजे. त्यांना खटकलं तर गावात सगळ्यांना सांगतील, पोरीनं तोंड बदलून घेतलं."

अप्पा एव्हाना बाहेर जाऊन मालकांशी जनावरांच्या गप्पा मारत होते. त्यांना बोलावलं. बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ही आमची पोरगी," ते म्हणाले. "आता बरोबर हाय."

बाईंनी मला छापायची खूण केली. मशीन सुरू झालं. कपाळ आलं, भुवया आल्या. अप्पा शेजारी उभं राहून बघत होते.

"बाई, शिक्षण किती तुमचं?"

"बी.ए.," मी ताठ होऊन म्हटलं.

"मग सकाळधरनं काय करत होता? फोटो हाय तसाच तर हाय की!"

मी तोंड उघडलं. मागून बाईंनी माझा दंड असा काही दाबला की मी "व्हय, अप्पा" एवढंच म्हणाले. दारात चहाची किटली घेऊन उभे असलेले मालक मात्र पोट धरून हसले.