टाकीतला कल्याण

भिमाजीकाका दर शनिवारी वायनरीत यायचे आणि मला म्हणायचे, "मनवाताई, तेवढा कल्याण दावा."

कल्याण म्हणजे त्यांचा मुलगा. मागच्या पावसाळ्यात राजूरहून खाली येताना घाटात त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. मी दाखवायची ती चार नंबरची टाकी, त्याच्या शेवटच्या द्राक्षांच्या वाइनची. मी पेलाभर काढून द्यायची, काका तो नाकाशी धरून डोळे मिटून बसायचे आणि मग परत द्यायचे. प्यायचे नाहीत. गळ्यात तुळशीची माळ. तीस वर्षं पुणतांब्यात द्राक्षं पिकवली, त्यातली निम्मी वाइनला गेली, पण थेंब जिभेला लावला नाही. गावात चेष्टा व्हायची. काका म्हणायचे, "मी द्राक्षं इकतो. म्होरं तुमी काय करता ते तुमी जाणा."

मला या शनिवारांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. वायनरीची प्रयोगशाळा मी सांभाळते, आणि तिथे मेलेल्या माणसाला भेटायला कुणी येत राहिलं की कामात लक्ष लागत नाही. काका जाताना बोटाच्या पेरानं टाकीवर वरून खाली टकटक करत जायचे. वाइन कुठवर आहे ते आवाजावरून कळतं, वर पोकळ, खाली भरीव. ही सवय कल्याणची. पुढे पुढे काका नसतानाही मला ती टकटक ऐकू यायला लागली, भर दुपारी, टेबलाशी बसलेली असताना. थंड पाण्याचा पंप सुरू झाला की पत्रा आकसतो आणि वाजतो, हे मला माहीत होतं. तरी मी दर वेळी मान वळवून बघायची.

बापलेकांचं भांडण याच वाइनवरून होतं. पुणतांब्याच्या वेलींच्याच काड्या कल्याणनं राजूरच्या वरच्या अंगाला, खंडानं घेतलेल्या रानात नेऊन लावल्या. तीच शिराझ जात. पण पुणतांब्यात रात्रीसुद्धा ऊब असते, साखर भराभरा चढते आणि आंबटपणा उष्णतेनं जळून जातो. वर डोंगरात रात्री गार, तिथे द्राक्ष सावकाश पिकतं. तोडणीला महिनाभर उशीर होतो, साखर बेताची राहते आणि आंबटपणा टिकतो. साखरेचीच पुढे दारू होते, म्हणून खालची वाइन पंधरा टक्क्यांपर्यंत जाते आणि वरची बाराच्या आसपास थांबते. काका वरचं द्राक्ष तोंडात टाकायचे आणि थुंकायचे. कल्याण म्हणायचा, "दादा, द्राक्षात नका बघू, वाइन एकदा चाखा." ते जमणारं नव्हतं. ज्या दिवशी तो गेला त्या सकाळीसुद्धा काका त्याला म्हणाले होते, "आंबट हाय तुजा माल. तुज्यासारकाच." हे त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या शनिवारी सांगितलं, पेला हातात धरून.

तो गेल्यावर खंड संपला. जमीनमालकानं वेल उपटून भात लावला. कल्याणचं म्हणून जे काही उरलं होतं ते चार नंबरच्या टाकीत.

यंदा उन्हाळा जानेवारीतच आला. पुणतांब्याच्या द्राक्षात साखर धावत सुटली, पण बिया हिरव्याच. हिरव्या बियांचं तोडलं तर वाइन कडसर लागते, म्हणून मीच काकांना थांबायला सांगितलं. बिया पिकल्या तोवर द्राक्षं मनुकांसारखी गोड झाली होती. वाइन तयार झाली ती जड आणि घशात जाळणारी. घोट गिळला की तोंडात मागे काही राहत नव्हतं. आमचे मालक शामकांत सर म्हणाले, "टार्टारिक अ‍ॅसिड घाल." ते मी घालू शकत होते. त्यानं आंबटपणा आला असता, पण दारूचा जाळ तसाच राहिला असता. दोन्ही एकदम ताळ्यावर आणणारी एकच गोष्ट वायनरीत होती. सरांनाही ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "भिमाजींना तू विचार. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

म्हणजे वाईटपणा माझ्या वाट्याला.

त्या शनिवारी काकांनी पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. "मिऱ्यावानी वास यायचा ह्याला," ते म्हणाले. "आज येगळाच येतोय काय तरी."

मी पेला घेतला. मिऱ्यांचा वास होता. थंड भागातल्या शिराझला तो असतोच. पण त्याच्या मागे व्हिनेगरची बारीक झाक आली होती. दर शनिवारी पेलाभर काढला की तेवढी हवा आत जाते. मी त्या पोकळीत हवा हटवायला नायट्रोजन सोडायची, तरी झाकण उघडत होतंच. आंबट वाइन जास्त दिवस तग धरते, म्हणून इतके दिवस निभावलं. मी सांगायचं टाळत आले होते, आता टाळता येत नव्हतं.

"काका, ही खराब व्हायला लागलीय. आपण भेटायला येतो ना, त्यानंच."

मी घाईघाईनं बाकीचंही सांगून टाकलं. आत्ताच पुणतांब्याच्या वाइनमध्ये मिसळली तर दोन्ही वाचतील. ठेवली तर दिवाळीपर्यंत व्हिनेगर होईल आणि गटारात ओतावी लागेल.

"मंजे त्याला माज्या मालात बुडवायचं."

"तुमचा माल त्याच्याशिवाय उभा राहत नाहीये, काका." माझा आवाज चढला होता. त्याची मला अजून लाज वाटते.

ते उठले, टाकीपाशी गेले आणि वरून टकटक करत खाली आले. पोकळ आवाज आता चार बोटं खाली सरकला होता. तिथे त्यांनी हात टेकवला. "किती खाली गेलाय," म्हणाले. मग म्हणाले, "नळी जोडा."

व्हॉल्व त्यांनी स्वतःच्या हातानं उघडला. पंप सुरू झाला आणि चार नंबरची टाकी रिकामी होत गेली. मी मोठ्या टाकीतून मिश्रणाचा पेला काढून त्यांना दिला. त्यांनी वास घेतला. परत घेतला. पेला फिरवून पुन्हा नाकाशी धरला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"न्हाई घावत. निसता काकवीचा वास येतोय. माज्याच रानाचा."

मिरी काकवीखाली दबली होती. मी खरं तेच सांगितलं. "काका, द्राक्षाच्या आंबटपणाला वास नसतो. तो नाकाला नाही कळायचा. जिभेलाच कळतो."

मला वाटलं, आता पेला ठेवून निघून जातील. त्यांनी माळ सदऱ्याच्या आत सारली, करंगळी वाइनमध्ये बुडवली आणि जिभेवर टेकवली.

आंबट लागलं की तोंडाला पाणी सुटतं, ते कुणाला थांबवता येत नाही. त्यांचे जबडे हलले, त्यांनी आवंढा गिळला. मग डोळेही भरले.

"आंबट हाय रं," ते म्हणाले, आणि करंगळी परत पेल्यात बुडवली.