हळद लागलेलं बिल

माझे सासरे मुकुंदराव कुंभकोणमला वेताच्या खुर्च्या विणतात. एका सरकारी खात्याचं बिल परत आलं, कामपूर्तीच्या दाखल्यावरचा क्रमांक वाचता येत नाही म्हणून. सासूबाई प्रत्येक कागदाच्या तीन कोपऱ्यांना हळद लावून चौथा कोपरा सासऱ्यांसाठी ठेवायच्या. त्या गेल्यापासून चारही कोपऱ्यांना सासरेच लावतात. स्कॅनमध्ये तीच हळद काळी होऊन क्रमांकावर बसली होती.

मी चिडलेच. "मामंजी, ते सरकारी ऑफिस आहे, देव्हारा नाही!"

ते त्या खात्याच्या ऑफिसात गेले. दाखल्याची नवी प्रत घेऊन आले.

मी ईमेल पुन्हा लिहिला. विषयात कार्यादेशाचा क्रमांक घातला, खाली जोडपत्रांची यादी दिली: बिल, कार्यादेश, खुर्च्या मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच, कामपूर्तीचा दाखला, पैसे मिळाल्याची, महसूल तिकीट लावलेली आगाऊ पावती, पासबुकाचं पहिलं पान. एकेक फाइल उघडून वाचली, मगच पाठवली.

मामंजी हळदीची वाटी घेऊन दारातच उभे होते. ईमेलची प्रत छापून मी त्यांच्यापुढे ठेवली. "ही आपल्या घरच्या फाइलची. लावा."

त्यांनी तीन कोपऱ्यांना हळद लावली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.