कलमांसोबतची चिठ्ठी

तुळजापूरजवळ आमची आंब्याच्या कलमांची बाग होती. मी चौथी शिकलेली, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं. सासरे सांगायचे, मी लिहायची: कलम दीड हात उंच, जोड मुळापासून वीतभर वर. आल्याबरोबर झाडाखाली सावलीत ठेवा. गोणपाटावर रोज पाणी शिंपडा. आठ दिवसांनी लावा, मुळाभोवतीचा मातीचा गड्डा फोडू नका, जोड मातीत पुरू नका.

मुळांना मातीसकट ओलं गवत गुंडाळून वर गोणपाट सुतळीनं शिवायचं आणि करंडीत उभं ठेवायचं, हेही माझंच काम. चिठ्ठी मेणकागदात घालून बुंध्याला बांधायची.

एकदा उमरग्याकडच्या एका म्हाताऱ्या चाचांनी बारा कलमं मागवली. ट्रकनं पाठवली. आठव्या दिवशी चाचा स्वतः आले. हातात फडक्यात बांधलेली पाच वाळलेली कलमं.

"हे काय धाडलं? लावलेलं सगळं मेलं!"

सासऱ्यांनी फडकं उघडलं. मुळं स्वच्छ धुतलेली. "चाचा, ही मिरचीची रोपं न्हाईत. धुतलं कशाला?"

"मिरचीची रोपं धुऊनच लावतो आमी. बाकीची सात अजून बांधलेलीच हायेत. भीतीनं हात न्हाई लावला."

"कुठं ठेवलीत?" मी विचारलं.

"अंगणात, उन्हात. उजेड पाहिजे ना झाडाला?"

माझा राग उसळला. "चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं. वाचायला काय झालं होतं?"

चाचा खाली बघत म्हणाले, "बेटी, आमची शाळा उर्दूची. मराठी मला वाचता येत न्हाई. गावात विचारलं असतं, पण या वयात कुणाच्या दारी चिठ्ठी घेऊन जाऊ?"

मी सासऱ्यांकडं वळले. निजामाच्या शाळेत तेही उर्दूच शिकलेले. "मामंजी, तुम्हाला तर येतं."

"मला कुणी विचारलं? आता मराठीचं राज्य, म्हणून सुनेला बसवलं लिहायला."

"मग आता लिहा."

सासऱ्यांनी टाक घेतला. अक्षर बाईच्या नथीसारखं सुबक. चाचा ओळ ओळ मोठ्यानं वाचत गेले आणि 'गड्डा फोडू नका'वर थांबून त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला, पाच मीच मारली."

"सात अजून जिवंत असतील," सासरे म्हणाले. "आजच सावलीत न्या. पाणी गोणपाटावर, मुळांत डबकं करू नका."

चाचा लगेच निघाले, चहालाही थांबले नाहीत. महिन्यानं उमरग्याहून एका ट्रकवाल्याकडून निरोप आला: सहा तगली, एक गेलं. सासऱ्यांनी त्या एकाच्या बदली नवं कलम शिवायला सांगितलं. मी म्हटलं, धुतलेल्या पाचांचं काय? ते म्हणाले, "तीही धर. सहा धाड." मी सहा शिवली, आणि चिठ्ठी उर्दूत लिहायला कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला.