आशाबाईंचे दोन आकडे

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात करमाडच्या आशाबाई शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांच्या भाकरी थापायच्या. कामावर यायच्या आधी टँकरचं पाणी भरून आलेल्या असायच्या. दम लागायचा, पण त्या कुणाला सांगायच्या नाहीत.

कंपनीच्या तपासणीत त्यांना प्रीडायबेटिक, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ठरवलं. दुसऱ्याच दिवशी मुकादम गोकुळ म्हणाला, "शुगरवाली बाई भट्टीपुढं नको. उद्यापासून ताटं धुवा."

"मला कुठं शुगर झाली?" आशाबाई कडाडल्या. "मी ताटं धुणार नाय." रिपोर्ट घेऊन त्या तडक दवाखान्यात गेल्या.

"उपाशीपोटी ब्याण्णव आलंय, शंभराच्या आत. मग हे सहा पूर्णांक एक कशाचं? दोन्हीतलं एक खोटं हाय!"

डॉक्टर नीरजा हसल्या नाहीत. "खोटं कुठलंच नाही. उपाशी साखर म्हणजे त्या सकाळची. जेवणानंतर ती किती चढते, हे त्यात दिसत नाही. दुसरी तपासणी एचबीए१सी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात, आणि साखर त्यांना चिकटत जाते. किती चिकटली यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पाच पूर्णांक सात ते सहा पूर्णांक चार म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा."

"पण मला पटत नाय."

"नका पटवून घेऊ लगेच. डोळे दाखवा." पापणीची आतली बाजू पांढुरकी होती. "पाळीत जास्त जातं?"

"लई. वर्ष झालं."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार, लोहही कमी. डॉक्टर म्हणाल्या, "लोह कमी असलं की ही सरासरी खोटीच जास्त दिसू शकते. किती, ते आज सांगता येत नाही. आधी लोह भरून काढू, पाळीचीही तपासणी करू. नव्या पेशी तयार झाल्या की पुन्हा मोजू. तोवर चहातली साखर कमी करा, जेवणानंतर चाला."

"आणि भट्टी?"

"साखरेमुळे भट्टी सोडायचं कारणच नाही. दम लागतोय, म्हणून चार आठवडे पाण्याचे हंडे मात्र दुसऱ्यांना उचलू द्या." डॉक्टरांनी तसं लिहून दिलं.

आशाबाईंनी तो कागद गोकुळच्या हातात ठेवला. "वाच. मोठ्यानं वाच." सगळ्या बायकांसमोर त्याला वाचावं लागलं. आशाबाई परत भट्टीपुढं बसल्या. घरी हंडे मुलं आणि नवरा उचलू लागले. कुरकुरत, पण उचलू लागले.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन बारा झालं. एचबीए१सी पाच पूर्णांक आठ.

"अजून रेषेच्या थोडं वरच," डॉक्टर म्हणाल्या. "काही लोहामुळे उतरलं असेल, काही तुमच्या चालण्यामुळे. वेगळं काढून सांगता येणार नाही."

"म्हंजे तुमचंबी खरं अन् माझंबी." आशाबाईंनी पदर खोचला. "पुढच्या टायमाला रेषेच्या खाली आणूनच दाखवते. तुम्ही फक्त सुई आणा."