दोन घड्याळांचा मिनिटकाटा

खराडीच्या ऑफिसात माझं निम्मं काम म्हणजे देशोदेशीच्या माणसांना एका कॉलवर आणणं. नव्या पोरांना मी एकदाच सांगतो. पंधरा रेखांशांना एक तास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलंय, कारण तो देशाच्या साधारण मधून जातो. म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. पूर्वेला आणि पश्चिमेला दोघांनाही चालेल असं एकच घड्याळ मिळालं आणि वरचा अर्धा तास कॉल लावणाऱ्याच्या डोक्याला ताप.

मुलगी ॲडलेडला गेली तेव्हा मात्र या अर्ध्या तासावर माझा जीव जडला. तिथेही ग्रीनिचच्या साडेनऊ तास पुढे! तिथल्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या शहरांच्या वेळेजवळ यायचं होतं, म्हणून त्यांनी नऊला अर्धा जोडून घेतला. तिचा अर्धा, आमचा अर्धा, दोन्ही कटून फरक सरळ चार तासांचा. ऑक्टोबरात त्यांची घड्याळं तासभर पुढे गेली तरी दोन्हीकडचा मिनिटकाटा एकाच जागी. घरी स्वयंपाकघरात चहा उकळताना मी घड्याळाकडे बघायचो. तिचा काटाही आत्ता तिथेच आहे, एवढ्याने बरं वाटायचं. हे मी तिला सांगितलंही होतं.

तिची जेवणाची सुट्टी एक ते दीड, म्हणजे एप्रिलात तिथली घड्याळं परत मागे आल्यावर आमचे नऊ. सिडनीच्या क्लायंटचा रोजचा कॉल त्याच्या सोयीने त्याच्या दुपारी एकला, आमच्या साडेआठला मीच लावला होता. तो संपला की पार्किंगमध्ये जाऊन तिला फोन. "बाबा, डब्यात काय?" हे ती रोज विचारायची.

जूनमध्ये ती नोकरीसाठी मेलबर्नला गेली. सुट्टी तीच, एक ते दीड. पहिल्या दिवशी मी सवयीने नऊला फोन केला. तिने उचलला नाही. मग लक्षात आलं, तिच्याकडे दीड वाजलेत, ती कामाला लागली. तिचा एक आता आमच्या साडेआठला वाजत होता, नेमका क्लायंटच्या कॉलवर. मी कॉल हलवायला विचारलं. "तुम्हीच ठरवलेली वेळ आहे," क्लायंट म्हणाला. चूक काहीच नव्हती त्यात. रोजचा फोन गेला, रविवार उरला.

पहिल्या रविवारी सकाळी साडेदहाला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे भिंतीवरचं घड्याळ अडीच दाखवत होतं. मेलबर्नला तीन वाजले होते.

"घड्याळ मागे पडलंय गं तुझं," मी म्हणालो.

तिने मान वळवून पाहिलं. "सेल उतरला असेल, बाबा."

सेकंदकाटा चांगला पळत होता; घड्याळ अजून ॲडलेडच्या वेळेवर होतं. मी माझ्या भिंतीकडे पाहिलं. तिचा मिनिटकाटा माझ्याच जागी होता.

"राहू दे," मी म्हणालो. "एवढ्यात सेल बदलू नकोस."